पपनस, दुधाचा पेला आणि गोळीची वेळ

काही गोळ्यांच्या खोक्यात बारीक अक्षरांचा एक कागद असतो आणि त्यावर ‘ग्रेपफ्रूटचा रस टाळा’ असं लिहिलेलं असतं. कोल्हापुरात तो कागद वाचणारा माणूस बहुतेक वेळा दोनांपैकी एक चूक करतो. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष असं समजून तासगावची द्राक्षं आणि बेदाणे बंद करतो, किंवा असलं विलायती फळ आपल्या घरात येतच नाही म्हणून कागद पुन्हा घडी घालून ठेवून देतो.

द्राक्षाचा या इशाऱ्याशी काही संबंध नाही. ग्रेपफ्रूट हे लिंबाच्या कुळातलं, मोठ्या संत्र्याएवढं, कडवट आंबट फळ आहे. अठराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर पपनस आणि गोड संत्रं यांच्या संकरातून ते तयार झालं. म्हणजे पपनस हे त्याच्या सख्ख्या आईबापांपैकी एक. आणि पपनस काही विलायती नाही. गणपतीच्या सुमारास ते कोकणातून घाट चढून वर येतं, मंडईत दिसतं, सोलून त्याच्या गुलाबी फोडी साखर-मीठ लावून घरोघरी खाल्ल्या जातात. ग्रेपफ्रूटमधली जी द्रव्यं गोळ्यांच्या कामात ढवळाढवळ करतात, तीच पपनसातही असतात. जातीप्रमाणे आणि झाडाप्रमाणे कमी-जास्त, पण असतात. किडनी रोपण झालेल्या एका रुग्णाच्या रक्तात पपनस खाल्ल्यावर टॅक्रोलिमस या औषधाची पातळी वाढल्याची नोंद २००३ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. म्हणून तो कागद आपल्यासाठीही आहे, फक्त त्यातल्या फळाचं नाव आपल्या ओळखीचं नाही.

हे नेमकं कशामुळे होतं ते समजलं, की कुठल्या गोळीला किती तास थांबायचं आणि कुठे थांबून काहीच उपयोग नाही, हे आपोआप कळतं. म्हणून आधी गोळीचा रस्ता पाहू.

जुन्या काळी शहरात माल आणायचा तर वेशीवर जकात नाका लागायचा. गोळीलाही रक्तात पोचण्याआधी असे दोन नाके लागतात. पहिला आतड्याच्या अस्तरात, दुसरा यकृतात. दोन्हीकडे सीवायपी ३ए४ नावाचं एक विकर बसलेलं असतं आणि ते औषधाचा काही भाग तिथल्या तिथे मोडून टाकतं. फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीचं उदाहरण घ्या. गिळलेल्या शंभर भागांपैकी साधारण पंधराच भाग रक्तात पोचतात, बाकीचा माल जकातीत जातो. हे औषध बनवणाऱ्यांना ठाऊक असतं, म्हणून गोळीतली मात्रा ठरवतानाच ही जकात हिशेबात धरलेली असते. पाच मिलिग्रॅमची गोळी म्हणजे पाच मिलिग्रॅम रक्तात जाणार, असा त्याचा अर्थ कधीच नसतो.

ग्रेपफ्रूट आणि पपनसातली फ्युरॅनोकौमरिन नावाची द्रव्यं आतड्यातल्या पहिल्या नाक्यावरच्या विकराला चिकटतात आणि त्याला कायमचं निकामी करतात. नाका उघडा पडतो. एरवी अडवला गेला असता तो माल सरळ आत जातो. फेलोडिपिनची रक्तातली पातळी एका पेल्याने सरासरी दुप्पट-तिप्पट होते, काहींची त्याहून जास्त. ज्याच्या आतड्यात हे विकर मुळातच भरपूर असतं, त्याला फटका मोठा बसतो. म्हणून एकाच घरात दोघांनी तेच फळ खाल्लं तरी एकाला चक्कर येते आणि दुसऱ्याला काही जाणवत नाही. ‘मी खाल्लं, मला काही झालं नाही’ हा शेजाऱ्याचा अनुभव इथे म्हणूनच कामाचा नाही.

हे सगळं उजेडात आलं तेही अवचित. कॅनडातल्या लंडन या शहरात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिनवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपावी म्हणून त्यांनी ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळून दिली. ज्यांना दारू न देता नुसता रस दिला होता, त्यांच्याही रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. १९८९ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली आणि १९९१ मध्ये रसाचाच हा परिणाम असल्याचं स्वतंत्र अभ्यासाने दाखवलं गेलं.

आता वेळेचा प्रश्न. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असतो, की गोळी रात्री घेतो आणि फळ सकाळी खातो, मग चालेल ना? नाही चालत. कारण फळ आणि गोळी यांची पोटात गाठ पडावीच लागत नाही. सकाळी खाल्लेल्या फळाने विकर निकामी झालं, की ते पुन्हा दुरुस्त होत नाही. आतड्याच्या पेशींना नवं विकर बनवावं लागतं आणि पूर्ववत व्हायला दोन ते तीन दिवस जातात. फेलोडिपिनच्या अभ्यासात रस पिऊन दहा तासांनी गोळी घेतली तरी जवळजवळ निम्मा परिणाम शिल्लक होता आणि चोवीस तासांनीही पाव भाग राहिला होता. रोज एक पेला पिणाऱ्याचा नाका तर सतत उघडाच राहतो. एक आख्खं ग्रेपफ्रूट किंवा दोनशे मिलिलिटर रस एवढं प्रमाण पुरतं, आणि नुसत्या फोडी खाल्ल्या म्हणून सुटका होत नाही.

सगळ्याच गोळ्यांना हा धोका नसतो, आणि तो कुठल्या गोळ्यांना असतो ते त्याच जकातीवरून ओळखता येतं. नाक्यावर ज्याचा माल मुळात जास्त अडतो, त्यालाच नाका उघडण्याचा फायदा होतो, म्हणजे आपल्या दृष्टीने तोटा. कोलेस्टेरॉलसाठीचं सिमव्हास्टॅटिन घ्या. गिळलेल्यापैकी पाच टक्क्यांहूनही कमी रक्तात पोचतं. अशा औषधाला वाढायला केवढी तरी जागा असते. रोज एकदा साध्या दोनशे मिलिलिटर रसाबरोबर तीन दिवस घेतल्यावर त्याची एकूण पातळी साडेतीन पटीहून वर गेल्याचं मोजलं गेलं आहे. याउलट कोल्हापुरात घरटी सापडणारी बीपीची गोळी म्हणजे अॅम्लोडिपिन. ती साठ ते नव्वद टक्के तशीही रक्तात पोचते, नाका उघडला तरी आणखी फार काही आत यायचं उरलेलंच नसतं. म्हणून अॅम्लोडिपिनवाल्यांनी पपनसाच्या चार फोडींवरून रात्रीची झोप घालवू नये.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांत लोव्हास्टॅटिन सिमव्हास्टॅटिनच्याच रांगेत बसतं. अॅटोर्व्हास्टॅटिनला परिणाम होतो पण कमी, रोज लिटरभराच्या वर रस पिणाऱ्यांसाठी खास इशारा असतो. रोसुव्हास्टॅटिनचा रस्ता वेगळा असल्याने त्याला जवळपास काही होत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांत फेलोडिपिन आणि निफेडिपिन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अॅमिओडॅरोन, फिटसाठीचं कार्बामाझेपिन यांच्या बाबतीत हे फळ नकोच. आणि किडनी किंवा यकृताचं रोपण झालेल्यांनी घ्यायच्या सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस या दोन गोळ्यांच्या बाबतीत तर एक फोडही नको. या दोन औषधांत पुरेशी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातलं अंतर फार थोडं असतं आणि वाढलेल्या पातळीचा मार बसतो तो बहुतेकदा किडनीवरच.

गोळीचं नाव तपासताना ब्रँडचं नाव पाहू नका. पाकिटावर औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅमही छापलेले असतात, ते वाचा. एकाच औषधाचे बाजारात पन्नास ब्रँड असतात आणि मेडिकलवाला दर वेळी तोच देईल असं नाही.

संत्र्या-मोसंबीबद्दलही विचारलं जातं. आपल्याकडची जालन्याची मोसंबी ही वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने गोड संत्र्याचीच एक जात आहे आणि गोड संत्र्यात ही नाका उघडणारी द्रव्यं नगण्य असतात. मुरंब्यासाठी वापरतात त्या कडू संत्र्यात मात्र ती असतात.

आणि पपनस खाऊन झाल्यावर हे कळलं तर? गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना फोन करा, काय खाल्लं, किती आणि केव्हा, एवढं सांगा आणि ते फळ पुन्हा घेऊ नका. रोपणाच्या गोळ्या चालू असतील तर त्याच दिवशी कळवा, कारण तिथे रक्तातली औषधाची पातळी मोजून पाहावी लागू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांत पातळी वाढल्याची खूण म्हणजे उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर गरम लाली, डोकेदुखी, घोट्याला सूज. सिमव्हास्टॅटिनमध्ये खूण वेगळी असते. मांड्या, पोटऱ्या, खांदे कारण नसताना ठणकतात, जिना चढताना पाय जड वाटतात. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला तर स्नायू मोडून त्यांचा कचरा किडनीत उतरतोय असं समजा आणि थांबू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

इथपर्यंतचा सगळा मामला असा, की त्यात घड्याळाचा उपयोग नाही. आता दुसरी जात पाहू, जिथे सगळा खेळ घड्याळाचाच आहे.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून पेला हातात मिळतो. त्या पावशेर दुधात साधारण तीनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कॅल्शियम असतं. म्हणजे हाडांसाठी डॉक्टर लिहून देतात त्या कॅल्शियमच्या गोळीच्या निम्म्याहून अधिक. आता समजा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कुणाला सिप्रोफ्लॉक्सासिन दिवसातून दोनदा चालू आहे आणि संध्याकाळची गोळी त्याने कट्ट्यावरच दुधाच्या घोटाबरोबर गिळली. कॅल्शियमचे कण गोळीतल्या औषधाला धरून बसतात, त्याचं न विरघळणारं गाठोडं होतं आणि ते आतड्यातून तसंच खाली निघून जातं. औषधाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त वाया जातो. ताप दोन दिवस उतरत नाही आणि माणूस म्हणतो, गोळी लागू पडली नाही. त्याहून वाईट म्हणजे, अर्ध्या ताकदीच्या औषधातून तगलेले जंतू पुढच्या खेपेला जास्त चिवट असतात.

इथे विकराला काही झालेलं नाही. दूध आणि गोळी एकाच वेळी एकाच पोटात होती, एवढाच घोळ. म्हणून दोघांना वेगळं केलं की प्रश्न मिटतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत नियम असा, की कॅल्शियम, लोह, जस्त यांच्या गोळ्या आणि अॅसिडिटीचं पांढरं औषध यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी गोळी घ्यायची. आधी दोनच आणि नंतर सहा का? कारण गोळी आधी गेली तर ती दोन तासांत बरीचशी रक्तात शोषली जाते, मग मागून काहीही आलं तरी चालतं. पण कॅल्शियम आणि ते पांढरं औषध आधी गेलं तर ते आतड्यात बराच वेळ रेंगाळतं आणि मागून येणाऱ्या गोळीला गाठतं. दूध, दही, ताक यांच्यासाठी एवढं ताणायची गरज नसते, पण गोळी त्यांच्याबरोबर नको. कट्ट्यावर सातला जायचं असेल तर गोळी पाचला पाण्याबरोबर घ्या, आणि सकाळची पाचलाच, म्हणजे बारा तासांचं अंतरही सांभाळलं जातं. पिठलं-भाकरीत चमचाभर दही आलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पूर्ण जेवणात थोडंसं दूध-दही असेल तर फारसं बिघडत नाही. नुसता दुधाचा पेला मात्र गोळीशी थेट झुंजतो. डॉक्सिसायक्लिनलाही हाच नियम, शिवाय तिच्यावर पेलाभर पाणी प्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

याच जातीतली, पण जास्त घरांत चुकणारी गोळी म्हणजे थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन. ती रोज, बहुधा जन्मभर घ्यायची असते, म्हणून तिची चूकही रोज होते. एक नमुना मांडून पाहू.

समजा, शाहूपुरीतल्या एका काकूंचं वय छप्पन्न आहे. थायरॉइडची पंचाहत्तर मायक्रोग्रॅमची गोळी, अॅम्लोडिपिन पाच मिलिग्रॅम आणि कॅल्शियम कार्बोनेटची एक गोळी, असं रोजचं औषध. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं औषध कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, त्याचा रिपोर्ट ९.२ आला आहे, जो चारच्या आसपास किंवा खाली हवा होता. पहिला विचार मनात येतो तो मात्रा वाढवण्याचा, पंचाहत्तरची शंभर. पण त्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो.

“काकू, गोळी नेमकी कशी घेता?”

“अनशापोटीच घेते की. पावणेसहाला उठले की चहाबरोबर.”

काकू खरंच अनशापोटी घेतात, कारण चहाला त्या खाणं धरत नाहीत. घराघरांत असंच असतं. पण चहा आणि कॉफी ही गोळी पुरती शोषू देत नाहीत, आणि आपल्या चहात निम्मं दूध. रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घेतली तरी या गोळीचा साठ ते ऐंशी टक्के भागच शोषला जातो. त्यातून चहाने आणखी घट. मग आठ वाजता पोह्यांवर कॅल्शियमची गोळी, म्हणजे सव्वादोन तासांत दुसरा अडथळा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीला इथे चार तासांचं अंतर लागतं.

काकूंचा नवा दिवस असा बसवता येतो. गोळीची डबी उशाशी, शेजारी पाण्याचा तांब्या. पावणेसहाला डोळे उघडले की पेलाभर पाण्याबरोबर गोळी. चहा पावणेसातला, मधल्या तासात आंघोळ, देवपूजा, दारातली रांगोळी. तास जमतच नसेल तर किमान अर्धा तास तरी हवाच. अॅम्लोडिपिन नाश्त्याबरोबर, तिला खाण्यापिण्याचं वावडं नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर एकला, कारण कार्बोनेटची गोळी भरल्या पोटीच चांगली विरघळते आणि तोवर थायरॉइडच्या गोळीला सात तास उलटून गेलेले असतात. संध्याकाळचं दूध जसंच्या तसं. ज्या घरात पहाटेचा चहा थांबूच शकत नाही, तिथे दुसरी वाट आहे. रात्रीच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना गोळी. फक्त मग जेवण आठला उरकायला हवं, आणि झोपण्यापूर्वीचं हळदीचं दूध तेवढं सोडायला हवं.

मात्रा तीच ठेवून सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करायचं. सहाच आठवडे का, तर या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे नवी पातळी स्थिर व्हायलाच पाचेक आठवडे जातात. दहा दिवसांनी केलेला रिपोर्ट जुन्या सवयीचाच निकाल सांगतो. काकूंचा नवा रिपोर्ट ३.१ आला, तर पंचाहत्तरची गोळी पुरेशी होती आणि कमी पडत होतं ते अंतर, हे सिद्ध झालं.

उलट बाजूही पाहा. चहाचं न विचारता शंभरची गोळी सुरू झाली असती, तर रिपोर्ट कदाचित सुधारला असता. पण पुढे कधी काकूंनी श्रावणभर चहा सोडला असता, तर तीच शंभरची गोळी हळूहळू पुरती शोषली जाऊ लागली असती. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं, घाम, असा अतिमात्रेचा त्रास महिन्याच्या शेवटी दिसला असता, आणि उपवासामुळे अशक्तपणा आला असं सगळ्यांनी म्हटलं असतं. म्हणून या गोळीची सवय बदलायची असेल तर ती डॉक्टरांना सांगून बदला आणि मग रोज तशीच ठेवा.

फळांच्या रसाची आणखी एक तऱ्हा आहे आणि ती उलट्या दिशेने काम करते. शिंका आणि वाहत्या नाकासाठीची फेक्सोफेनाडिन ही गोळी रक्तात जायला आतड्यातल्या काही वाहकांवर अवलंबून असते. ग्रेपफ्रूटच नव्हे, संत्र्याचा आणि सफरचंदाचा रससुद्धा त्या वाहकांना काही तास अडवून धरतो, आणि गोळी कमी पोचते. शिंका थांबत नाहीत. पण इथे काहीही कायमचं निकामी होत नाही, चार तासांत वाट मोकळी होते. ही गोळी पाण्याबरोबर घेऊन रस चार तासांनी प्यायला की झालं.

थायरॉइडवाल्यांची एक अडचण मात्र घड्याळाने सुटत नाही. सकाळी त्याच गोळीबरोबर अॅसिडिटीचं पँटोप्रॅझोल घेणारे पुष्कळ आहेत. लेव्होथायरॉक्सिनला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, आणि पँटोप्रॅझोल ते आम्ल पूर्ण दिवसभर कमी करून ठेवतं. दोन्ही गोळ्यांत एक तास ठेवा की पाच, आम्ल तेवढंच कमी राहणार. म्हणून अॅसिडिटीची गोळी महिनोन्‌महिने चालू झाली किंवा अचानक बंद झाली, तर त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या आणि त्या रिपोर्टबरोबर दोन्ही गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा.